सुरतेचं पार्सल, होळीचा मोसम आणि पस्तीस हजार: वेब डिझायनरला पत्र कसं लिहावं

प्रश्न: नंदुरबारला आमचं मिरची-मसाल्याचं छोटं दुकान आहे. वेबसाइट करायची म्हणून धुळ्याच्या एका मुलाशी बोललो, तो घरूनच अशी कामं घेतो. तो म्हणाला, काय पाहिजे, कधी पाहिजे आणि बजेट किती ते लिहून पाठवा. मी लिहिलं, 'चांगली, मोबाइलवर दिसणारी साइट पाहिजे, ऑनलाइन ऑर्डर घेता आली पाहिजे, लवकरात लवकर, खर्च कमीत कमी.' त्याने उलट पानभर प्रश्न पाठवले. आता नीट पत्र कसं लिहू?

उत्तर:

भाऊ, मुलगा कामाचा दिसतो. तुमच्या त्या दोन ओळींवर जो लगेच 'पंधरा हजार द्या, होऊन जाईल' म्हणाला असता, त्याच्याशी दोन महिन्यांनी वाद ठरलेलाच होता. मी जळगावात बसून बरीच वर्षं हेच काम करतो आणि दुकानदारांची अशी पत्रं माझ्याकडे कायम येतात. त्यांत साइटचं वर्णन भरपूर असतं आणि दुकानाचं अजिबात नसतं. व्हायला पाहिजे नेमकं उलट. रंग, बटण, पान कुठे काय, हे ठरवणं त्याचं काम. ऑर्डर कुठून येते, फोन कोण उचलतं, माल कोण बांधतं आणि भाव कोण बदलतं, हे तुमच्याशिवाय त्याला कोण सांगणार?

आधी 'ऑनलाइन ऑर्डर' घ्या. ह्यात तीन वेगळी कामं दडलेली असतात. एक, मालाची यादी आणि खाली व्हॉट्सॲपचं बटण. गिऱ्हाईक बटण दाबतं आणि पुढचं सगळं तुम्ही फोनवर बोलून ठरवता. दोन, गिऱ्हाइकाने माल टोपलीत टाकायचा, पत्ता भरायचा, पैसे तिथेच भरायचे आणि तुम्हाला तयार ऑर्डर मिळायची. तीन, ह्याच्या पुढे जाऊन कुरिअरची चिठ्ठी आपोआप निघणं, गोदामातला साठा कमी होणं, पार्सल कुठवर पोचलं ते गिऱ्हाइकाला दिसणं. पहिलं आठवड्याचं काम आहे, दुसरं महिना-दीड महिन्याचं. तिसरं तुमच्या एवढ्या दुकानाला आज नको. तुम्ही नुसतं 'ऑर्डर घेता आली पाहिजे' लिहिलंत, तर तो पहिल्याचा भाव सांगेल, तुम्ही दुसरं समजाल, आणि पैसे दिल्यावर 'हे तर धरलेलंच नव्हतं' ऐकावं लागेल.

हे टाळायचा सोपा मार्ग म्हणजे पत्रात एक खरी ऑर्डर पहिल्यापासून शेवटपर्यंत लिहून काढणं. समजा नाशिकहून एका बाईंचा फोन आला. 'मागच्या वर्षी नेलं तसंच तिखट द्या, रंग पाहिजे, पण पोरं खातात, फार झणझणीत नको.' तुम्ही फापडा आणि लाली मिसळून पाच किलो सांगता. त्या विचारतात, बारीक दळलेलं की जाडसर? मग भाव सांगता, त्या पैसे यूपीआयने टाकतात, तुम्ही दुसऱ्या दिवशी गिरणीवर दळून पार्सल करता. आता डिझायनर हे वाचतो तेव्हा त्याला काय कळतं? तुमचं गिऱ्हाईक मिरचीच्या जातीच्या नावाने विचारत नाही, 'कमी तिखट, जास्त रंग' असं विचारतं, म्हणून यादीची मांडणी तिखटपणावरून करायला हवी. प्रत्येक मालाला दळणाचे दोन पर्याय लागतील. माल ऑर्डर आल्यावर दळता, म्हणजे पार्सल निघायला एक दिवस लागतो आणि तसं साइटवर लिहायला हवं. 'आकर्षक व युजर फ्रेंडली' ह्या शब्दांतून ह्यातलं त्याला काहीही कळलं नसतं.

तुमच्या धंद्यात दुसरी मोठी गोष्ट भावाची. पथारीवर मिरची वाळत असताना अवकाळी पाऊस झाला की बाजार समितीतला भाव दोन दिवसांत बदलतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. पण धुळ्याच्या त्या मुलाला हे माहीत असेलच असं नाही. त्याने तुमचे भाव चित्रातच छापून टाकले, म्हणजे बॅनरवरच '२५० रुपये किलो', तर दर वेळी त्याला फोन करावा लागेल आणि चार फोननंतर तो उचलणार नाही. म्हणून 'भाव मी स्वतः, दुकानात बसल्या-बसल्या, मोबाइलवरून बदलणार' ही ओळ पत्रात आलीच पाहिजे. ती आली की तो साइट वेगळ्या पद्धतीने बांधतो. नंतर आठवली तर अर्धं काम उसवावं लागतं.

आता सुरतेचं बघू. तुमच्याकडचं कोण ना कोण उधना-लिंबायतला राहतं, आणि तिकडून तिखटाची मागणी येणारच. नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत आहे. आपल्याकडे राज्याची हद्द अशी पायाखाली असते म्हणून ती कोणाला जाणवत नाही. पण जीएसटीला जाणवते. तुम्ही कंपोझिशन योजनेत असाल तर राज्याबाहेर माल विकता येत नाही. जीएसटीची नोंदणीच नसेल तरीही तेच. परराज्यात माल पाठवायचा तर उलाढाल कितीही छोटी असो, आधी नोंदणी लागते. गल्ल्यावर बसून सुरतेच्या पाहुण्याला माल देणं वेगळं आणि साइटवरून सुरतेच्या पत्त्यावर बिल करून पार्सल पाठवणं वेगळं. तुम्ही कुठल्या योजनेत आहात हे ओळखायचं असेल तर तुमचं बिल बघा. वर 'टॅक्स इन्व्हॉइस'ऐवजी 'बिल ऑफ सप्लाय' आणि कंपोझिशनचा उल्लेख असेल, तर पत्र पाठवायच्या आधी करसल्लागाराकडे एक चक्कर मारा. नियमित नोंदणीत जाता येतं, पण मग विवरणपत्रं जास्त भरावी लागतात. सुरतेच्या दहा-वीस ऑर्डरींसाठी ते परवडतं का, हे त्याच्याशी बोलून ठरवा. तोवर डिझायनरला एवढंच सांगायचं, की सध्या फक्त महाराष्ट्रातले पिनकोड चालतील. हे त्याच्यासाठी दहा मिनिटांचं काम आहे. पण सांगितलं नाही तर साइट सुरू झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात सुरतेचे पैसे खात्यात जमा होतील आणि तुम्ही ते परत करत बसाल.

पार्सलचंही एक गणित पत्राआधी घरी करून ठेवा. खाजगी कुरिअरवाले वजन दोन तऱ्हेने बघतात, काट्यावरचं आणि खोक्याच्या आकाराचं, आणि जे जास्त भरेल त्याचे पैसे घेतात. आकाराचं वजन काढायला लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणून बहुतेक ठिकाणी ५००० ने भागतात. तीन किलो अख्ख्या मिरचीला समजा ४० बाय ३० बाय ३० चं खोकं लागलं. गुणाकार ३६,०००, भागिले ५०००, म्हणजे ७.२ किलो. माल तीन किलोचा, भाडं सव्वासात किलोचं. तेच तीन किलो दळलेलं तिखट २५ बाय २० बाय १५ च्या खोक्यात बसलं, तर आकाराचं वजन दीड किलोच भरतं आणि भाडं खऱ्या तीन किलोचं लागतं. त्यामुळे माझा सल्ला असा, की अख्खी मिरची साइटवर दाखवा, पण तिची विक्री दुकानातून किंवा फोनवर ठेवा. टोपलीत फक्त तिखट आणि मसाले. यादी लहान झाली की साइटही स्वस्त होते.

मुदतीबद्दल. 'लवकरात लवकर' ही तारीख नाही. ती वाचून डिझायनर तुमचं काम, ज्याने तारीख दिली आहे त्याच्या कामामागे ढकलतो, मीही ढकलतो. तुमची तारीख तुमच्या हंगामातून निघते. बाया वर्षाचं तिखट-मसाला करायला घेतात फेब्रुवारीच्या मध्यापासून, होळीच्या सुमारास जोर येतो आणि आखाजीपर्यंत बहुतेक घरांतलं काम उरकतं. म्हणजे फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात साइट चालू पाहिजे. एप्रिलमध्ये सुरू झाली तर ती पुढच्या वर्षासाठीच. तारीख देताना ती का आहे हेही एका ओळीत लिहा. कारण कळलं की डिझायनर स्वतःच सांगतो, 'मग गॅलरीचं पान नंतर करू, आधी ऑर्डरचं उरकू.'

पण मुदतीची दुसरी बाजू तुमच्याकडे आहे आणि साइट रखडतात त्या बहुतेक इथेच. फोटो, मालाची नावं, भाव, वजनं, दुकानाची माहिती हे सगळं तुम्ही द्यायचं असतं. शिवाय पैसे घेणाऱ्या गेटवेचं खातं. त्यात एक गाठ आहे जी दुकानदारांना सहसा माहीत नसते: गेटवेवाले खातं मंजूर करण्याआधी तुमची साइट उघडून बघतात. तिच्यावर पत्ता, फोन, परताव्याचा नियम, माल पाठवण्याचा नियम आणि गोपनीयतेचं पान नसेल तर अर्ज परत येतो. म्हणजे साइट पूर्ण व्हायच्या आधीच ती पानं तुमच्या डोमेनवर दिसायला हवीत. आणि कागद जुळायला हवेत. दुकान वडिलांच्या नावावर, चालू खातं थोरल्या भावाच्या नावावर आणि अर्ज तुमच्या पॅनवर, असा मामला असेल तर मंजुरी अडकते. अर्ज करायचा तो ज्याच्या नावावर धंदा आहे त्याच्याच पॅनवर आणि त्याच धंद्याच्या खात्यावर.

बजेट लिहायला दुकानदार कचरतात. वाटतं, पस्तीस सांगितले तर हा पस्तीसच घेईल. घेऊ दे ना, पण पस्तीसमध्ये काय देतो ते तर लिहून देईल! आकडा लपवलात तर तो अंदाजाने एकतर साठ हजारांची साइट मांडतो, नाहीतर आठ हजारांची. आकड्यापेक्षा जपायची गोष्ट निराळी आहे: त्याची मजुरी आणि दर वर्षी लागणारा खर्च एकत्र करू नका. डोमेन, म्हणजे साइटचं नाव, आणि होस्टिंग, म्हणजे ती जिथे ठेवली आहे ती जागा, ह्यांचे पैसे दर वर्षी भरावे लागतात. पहिल्या वर्षी स्वस्तात मिळतं, नूतनीकरणाचा दर बहुधा जास्त असतो. तो आधीच विचारा. आणि ही दोन्ही खाती तुमच्या ईमेलवर, तुमच्या मोबाइल नंबरवर, तुमच्या कार्डाने उघडा, डिझायनरला फक्त काम करण्यापुरता प्रवेश द्या. एका किराणा दुकानाचं डोमेन डिझायनरच्या ईमेलवर होतं. तो पुण्याला नोकरीला गेला, नूतनीकरणाच्या सूचना त्याच्या जुन्या ईमेलवर जात राहिल्या, आणि पाकिटांवर, पाटीवर, टेम्पोवर छापलेलं नाव एका सकाळी उघडेनासं झालं. मुलगा वाईट नव्हता. खातंच चुकीच्या नावावर होतं.

आता हे सगळं धरून पत्र लिहून दाखवतो. आकडे आणि तारखा तुमच्या हिशोबाने बदला.

---

नंदुरबार, ५ डिसेंबर

प्रिय भाऊ,

परवा फोनवर बोलल्याप्रमाणे आमच्या दुकानाच्या वेबसाइटबद्दल लिहीत आहे.

आमचं मिरची, तिखट आणि मसाल्याचं दुकान आहे. माल नंदुरबारच्या बाजार समितीतून घेतो आणि ऑर्डर आल्यावर दळतो. दुकानात मी आणि माझा भाऊ असतो, हंगामात पॅकिंगला दोन बायका येतात. सध्या नाशिक, पुणे, मुंबईहून फोनवर आणि व्हॉट्सॲपवर ऑर्डरी येतात. हंगामात दिवसाला दहा-बारा होतात आणि लिहून घेण्यात चुका होतात, पत्ते अर्धवट राहतात. साइट ह्यासाठीच हवी आहे. नवीन गिऱ्हाईक मिळालं तर चांगलंच, पण आधी आहे ते गिऱ्हाईक नीट सांभाळता आलं पाहिजे.

गिऱ्हाईक साइटवर आल्यावर त्याला आधी तिखटपणा निवडता यावा: कमी, मध्यम, झणझणीत. मग माल, मग वजन (अर्धा, एक, दोन किंवा पाच किलो), मग दळण बारीक की जाडसर. पत्ता, पिनकोड, फोन नंबर भरल्याशिवाय ऑर्डर पुढे जाऊ नये. पैसे यूपीआय किंवा कार्डाने आधीच घ्यायचे. माल पोचल्यावर रोख हा पर्याय नको; परत आलेलं तिखट आम्ही पुन्हा विकत नाही आणि दोन्ही बाजूंचं भाडं अंगावर पडतं. ऑर्डर झाली की मला आणि गिऱ्हाइकाला ईमेल यावा. व्हॉट्सॲपचं एक बटण सगळ्या पानांवर असू द्या, कारण वयस्कर गिऱ्हाईक शेवटी बोलूनच घेतं.

विकायचे माल एकूण १४ आहेत: सहा तऱ्हेचं तिखट, काळा मसाला, गरम मसाला, हळद, धने पावडर आणि चार तयार मसाले. अख्खी मिरची फक्त दाखवायची, तिच्यापुढे 'भावासाठी फोन करा' एवढंच. भाव आठवड्यातून दोनदा बदलू शकतात, ते मी स्वतः मोबाइलवरून बदलणार. एखादा माल संपला तर तो बंद करण्याची सोयही माझ्याकडे हवी. हे दोन्ही कसं करायचं ते सुरू करताना अर्धा तास बसून मला आणि भावाला शिकवावं.

पार्सल सध्या फक्त महाराष्ट्रात पाठवणार आहोत. दुसऱ्या राज्याचा पिनकोड टाकला तर पैसे भरण्याआधीच 'सध्या ह्या भागात पाठवत नाही, फोन करा' असं दिसावं. भाडं वजनावर: दोन किलोपर्यंत एक दर, पाचपर्यंत दुसरा. तक्ता सोबत पाठवीन. पाच किलोच्या वर ऑर्डर असेल तर फोन करायला सांगावं.

प्रत्येक मालाच्या पानावर पाकिटावर असते ती माहिती द्यायची आहे: निव्वळ वजन, एमआरपी, आमचं नाव-पत्ता, तक्रारीचा फोन नंबर, माल कुठल्या देशाचा, आणि आमचा १४ आकडी एफएसएसएआय क्रमांक. हा मजकूर मी देईन, जागा तुम्ही ठेवा. परतावा, पाठवणी, गोपनीयता ही पानं पहिल्या टप्प्यातच लावावीत, कारण त्याशिवाय गेटवेचा अर्ज पुढे सरकणार नाही.

साइट मराठीत. मालाची नावं आणि ऑर्डरचा फॉर्म मराठी व इंग्रजी दोन्हींत. बहुतेक लोक साध्या अँड्रॉइड फोनवर बघणार आहेत, कित्येक खेड्यांतून, तेव्हा मोठे फिरते फोटो किंवा व्हिडिओ नकोत. लोगो आहे तोच वापरायचा. ब्लॉग, गॅलरी, लॉगिन करून खातं उघडणं, हे आत्ता काहीही नको.

तारखा अशा धरल्या आहेत. तुमचं उत्तर आणि अंदाजपत्रक १० डिसेंबरपर्यंत. मालाची यादी, वजनं, मजकूर आणि फोटो मी २५ डिसेंबरपर्यंत देईन. १० जानेवारीला साइट आमच्या डोमेनवर पहिल्यांदा दिसावी, नियमांच्या पानांसह. त्याच आठवड्यात मी गेटवेचा अर्ज करतो. २५ जानेवारीपासून आमच्याच नातेवाइकांकडून खऱ्या पाच-सहा ऑर्डरी करून बघू. ५ फेब्रुवारीला सगळ्यांसाठी सुरू. आमचा हंगाम फेब्रुवारीच्या मध्याला लागतो, म्हणून ही तारीख पक्की धरावी. माझ्याकडून फोटो किंवा मजकूर उशिरा आला तर तेवढे दिवस तुमची तारीख पुढे जाईल, हे मला मान्य आहे. वेळ कमी पडेल असं वाटलं तर २० जानेवारीच्या आत सांगा, म्हणजे काय मागे ठेवायचं ते ठरवू. बदल सुचवायच्या दोन फेऱ्या धरा. त्यानंतर मी नवीन काही मागितलं तर त्याचे वेगळे पैसे सांगा.

पहिल्या वर्षाचं बजेट एकूण ३५,००० रुपये. त्यातले २६,००० तुमच्या कामाचे. डोमेन आणि होस्टिंगला ६,००० धरले आहेत. ती खाती मी माझ्या नावाने उघडणार, कुठली घ्यायची ते तुम्ही सुचवा आणि दुसऱ्या वर्षी किती भरावे लागतील तेही सांगा. उरलेले ३,००० सुरू झाल्यावरच्या किरकोळ कामांसाठी राखून ठेवले आहेत. गेटवेचा आकार दर ऑर्डरीतून जाईल, तो ह्यात नाही. तुमचे पैसे तीन हप्त्यांत: काम घेताना ८,०००, साइट डोमेनवर दिसली आणि भाव मला बदलता आले की १०,०००, आणि खऱ्या ऑर्डरींची गेटवेशी जुळणी सलग आठवडाभर बरोबर येऊन सगळे पासवर्ड व फाइली मिळाल्या की ८,०००. एवढ्यात हे सगळं बसत नसेल तर रक्कम वाढवण्याआधी मला सांगा की ह्यातलं काय वगळलं तर बसेल.

अंदाजपत्रकात तीन गोष्टी लिहाव्यात: साइट कशावर बांधणार, सुरू झाल्यावर तीन महिने काय बिघडलं तर कोण दुरुस्त करणार, आणि दर किती दिवसांनी साइटची प्रत काढून ठेवणार.

कळावे,
आपला

---

पत्र लांब वाटेल, पण हेच पुढे कराराचं काम करतं. व्हॉट्सॲपवर तुकड्या-तुकड्यांत पाठवू नका, एकच फाइल करून ईमेलने पाठवा. दोघांकडे तोच कागद राहतो.

हप्त्यांची विभागणी मी मुद्दाम अशी केली आहे. निम्मे आधी, निम्मे शेवटी हा आपल्याकडचा रिवाज, पण मधल्या टप्प्यावर काहीच नसलं की काम तिथेच बसकण मारतं. 'भाव मला बदलता आले की' ही अट साधी आहे, पण तुम्ही ती दुकानात उभं राहून, तुमच्या फोनवर, पाच मिनिटांत तपासू शकता. 'साइट ऐंशी टक्के झाली की' अशी अट लिहू नका. ऐंशी टक्के कोणी मोजलंय?

२५ डिसेंबरची तारीख मात्र तुमच्यावर आहे, तेव्हा दोन अडचणी आधीच सांगून ठेवतो. तुमचं भावपत्रक छापखान्यात केलेलं असणार आणि त्याची फाइल जुन्या मराठी फॉन्टमध्ये असणार. ती कागदावर सुंदर दिसते. साइटवर चिकटवली की 'काळा मसाला'च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी येते, कारण त्या फाइलमध्ये मराठी अक्षरं नसतातच, फॉन्टमुळे ती तशी दिसत असतात. सगळा मजकूर युनिकोडमध्ये लागतो. तुमच्या फोनवरच्या मराठी कीबोर्डवर टाइप केलेलं युनिकोडच असतं. चौदा नावं आणि चार ओळींची माहिती, एका दुपारी बसून टाइप करून टाका. तपासायचं तर तो मजकूर व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवून बघा. तिथे मराठी दिसलं तर साइटवरही दिसेल.

दुसरी अडचण फोटोंची. तिखटाचा लाल रंग फोनच्या कॅमेऱ्याला झेपत नाही. उन्हात किंवा ट्यूबलाइटखाली काढलात तर सगळा ढीग एकसारखा लालभडक येतो, दाणा दिसत नाही, आणि फापड्याचं तिखट कुठलं, लालीचं कुठलं ते तुम्हालाही सांगता येणार नाही. सकाळी नऊच्या सुमाराला दुकानाच्या ओट्यावर, सावलीत, पांढऱ्या कागदावर स्टीलची वाटी ठेवा. फोनच्या पडद्यावर तिखटावर बोट टेकवा आणि उजेड थोडा खाली ओढा, दाणे वेगळे दिसू लागेपर्यंत. चौदाही माल एकाच सकाळी, त्याच जागी काढा, म्हणजे रंगांतला फरक खरा दिसेल. आणि फोटो व्हॉट्सॲपवर साधे पाठवू नका, ते दाबले जातात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा ड्राइव्हवर टाका. लहान करायचं काम त्याचं, मूळ फोटो मोठा हवा.

त्याच्या उत्तरात काय बघायचं? तो १४ मालांची वजनं आणि खोक्यांची मापं मागेल, भाडं काढताना खोक्याचं वजन धरायचं का असं विचारेल, एखादी गोष्ट 'ह्या पैशांत नको, नंतर करू' म्हणेल. असं असेल तर त्याने पत्र वाचलंय. सगळ्याला 'हो' म्हणून नुसता आकडा पाठवला, तर फोन करून एकच विचारा: भाव मी कुठून बदलणार, ते तुमच्या आधीच्या एखाद्या साइटवर दाखवता का? दाखवलं तर पुढे बोला.

आणि ५ फेब्रुवारीच्या आधीच्या चाचणीत नातेवाइकांना सांगा, मुद्दाम चुका करा. एकाने सुरतेचा पिनकोड टाकावा, एकाने पैसे भरताना मध्येच मागे यावं, एकाने सहा किलो मागावं, एकाने फोन नंबर नऊच आकडी लिहावा. पैसे कापले गेले आणि ऑर्डर आलीच नाही, असं एकदा तरी होतं का ते बघा. तसं झालं तर गेटवेच्या खात्यात व्यवहार दिसतो आणि साइटच्या यादीत ऑर्डर दिसत नाही. रोज संध्याकाळी दुकान बंद करताना ह्या दोन याद्या शेजारी ठेवून जुळवायची सवय भावाला लावा. शेवटचा हप्ता ती जुळणी सलग आठवडाभर बरोबर आल्यावरच द्या. डिझायनर प्रामाणिक असेल तर ह्याला त्याची हरकत नसते.